शिक्षकाच्या मनातला ‘सर्वसमावेशक वर्ग’ शोधायचा कसा?

2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली आणि अशा मुलांना इतर मुलांबरोबर एकाच वर्गात शिकवणं ही शाळांची जबाबदारी ठरवली. त्यामुळे आज जिल्हा परिषदेच्या शाळेत गतिमंद, अल्पदृष्टी किंवा ऐकायला कमी येणारं मूल पटावर असणं नवीन राहिलेलं नाही. पण पटावर नाव आलं म्हणजे मूल शिकू लागलं, असं नाही. ते मागच्या बाकावर चित्र रंगवत बसणार की चाललेल्या धड्यात सामील होणार, हे रोज वर्गातले शिक्षक ठरवतात. तो निर्णय ते ज्या समजुतींवर घेतात, त्या समजुतींचा अभ्यास हा पीएचडीचा विषय होऊ शकतो. अशा अभ्यासाचा आराखडा कसा उभा राहतो, ते महाराष्ट्रातल्या एका तालुक्याचं उदाहरण धरून पाहू.

आराखड्यात सर्वांत आधी लागतं ते प्रयोजन. ‘शिक्षकांचा दृष्टिकोन सकारात्मक आहे का?’ हा प्रश्न सल्लागार समितीसमोर टिकत नाही, कारण त्याचं उत्तर बरंचसं माहीत आहे. अव्हरामिडिस आणि नॉर्विच या संशोधकांनी 2002 साली अनेक देशांमधल्या अभ्यासांचा आढावा घेतला. शिक्षक तत्त्वतः अनुकूल असतात, पण अपंगत्व कोणतं आणि किती तीव्र यावर त्यांची तयारी बदलते, असं त्यातून दिसलं. चाकाच्या खुर्चीवरचं हुशार मूल चालतं. वर्गात ओरडणारं, उठून पळणारं मूल नको वाटतं.

अधिक कामाचा प्रश्न टोरांटो विद्यापीठातल्या अ‍ॅन जॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारला. मूल शिकत नाही तेव्हा शिक्षक अडचण कुठे पाहतात? काही शिक्षकांच्या मते दोष मुलातच असतो, तो कायमचा असतो आणि त्यावरचे उपाय तज्ज्ञांनी करायचे असतात. काहींना वाटतं, की अडथळा शिकवण्याच्या पद्धतीत किंवा वर्गाच्या रचनेतही असू शकतो आणि तो दूर करणं आपलं काम आहे. बहुतेक शिक्षक या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. जॉर्डन यांच्या निरीक्षणात दुसऱ्या टोकाकडचे शिक्षक दिव्यांग मुलांबरोबर वर्गातल्या सगळ्याच मुलांना अधिक परिणामकारक शिकवताना आढळले. ‘एकाकडे लक्ष दिलं तर बाकीच्यांचं नुकसान होतं’ ही भीती आपल्याकडेही सर्रास ऐकू येते. द्विशिक्षकी शाळेत एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकांच्या बाबतीतही जॉर्डन यांचं निरीक्षण खरं ठरतं का, हा या आराखड्याचा मूळ प्रश्न.

आता तो मोजायचा कसा? सोपा मार्ग प्रश्नावलीचा. शर्मा, लोरमन आणि फोर्लिन यांनी तयार केलेली 18 विधानांची, सहा पर्यायांची मापनश्रेणी जगभर वापरली जाते. सर्वसमावेशक वर्गात शिकवणं, पालक आणि तज्ज्ञांशी सहकार्य करणं आणि मुलांचं वर्तन हाताळणं या तीन बाबतींत शिक्षकाला स्वतःवर किती भरवसा आहे, ते ती मोजते. तिचा मराठी अनुवाद आधी दुसऱ्या तालुक्यातल्या चाळीसेक शिक्षकांकडून भरून घेऊन तपासायला हवा.

खरी गोम पुढे आहे. ‘दिव्यांग मुलांना सर्वसाधारण शाळेत शिकण्याचा हक्क आहे’ यासारखं विधान समोर आलं, की जवळजवळ प्रत्येक जण ‘पूर्ण सहमत’वर खूण करतो. कायदा सगळ्यांना ठाऊक असतो. त्यातून फॉर्म केंद्रप्रमुखांच्या हातून शिक्षण परिषदेत वाटला गेला, तर तो खात्याचा कागद समजून भरला जातो. चाचणीतच हे ओळखता येतं: ज्या विधानावर सगळ्यांची उत्तरं एकाच टोकाला गोळा होतात, ते विधान समजुतींमधला फरक दाखवत नाही. असं विधान काढून टाकायचं. गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायचीच, पण फॉर्म संशोधिकेने स्वतः द्यायचे आणि बंद पाकिटात परत घ्यायचे. त्यावर नाव नको. शिक्षकाने स्वतः निवडलेला सांकेतिक क्रमांक पुरे. मुलाखतीला तयार असणाऱ्यांनी तोच क्रमांक आणि फोन नंबर वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचा.

अशा 300 शिक्षकांमधून, गुण जास्त आणि कमी असलेले, मोठ्या आणि द्विशिक्षकी शाळांमधले मिळून 12 जण निवडायचे. जॉर्डन यांच्या मुलाखतीत मत विचारत नाहीत. गेल्या वर्षी वर्गात असलेल्या एका मुलाबद्दल शिक्षकाला वर्षाच्या सुरुवातीपासून क्रमाने सांगायला लावतात: अडचण कधी लक्षात आली, मग काय केलं, कोणाशी बोललात, पुढे काय झालं? समजा, दोन शिक्षिकांनी प्रश्नावलीत सारखेच गुण मिळवले. पहिली सांगते, “वाचता येत नव्हतं, म्हणून तपासणी शिबिराला पाठवलं. प्रमाणपत्र आलं. विशेष शिक्षक महिन्यातून एकदा येतात, ते बघतात.” दुसरी सांगते, “फळ्यावरचं उतरवायला त्याला वेळ लागायचा. मी त्याला पुढे बसवलं, निम्मीच वाक्यं द्यायला लागले. दिवाळीनंतर तोंडी विचारलं तर बरंच येत होतं, म्हणून त्याच्या आईला बोलावून घेतलं.” पहिलीची हकिकत प्रमाणपत्रापाशी संपते, दुसरीची पुढे चालू राहते. आकड्यांत न दिसलेला फरक इथे दिसतो. मग या बारा जणांचे प्रत्येकी तीन तास वर्गात बसून पाहायचे: असं मूल कुठे बसतं, त्याला कोणतं काम मिळतं, शिक्षक त्याच्याजवळ किती वेळा जातात.

वेळापत्रक शाळेच्या वर्षाशी जुळवावं लागतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं मिळतात. हा अभ्यास चार वर्षांत बसतो. पहिलं वर्ष अभ्यासक्रम, वाचन आणि प्रश्नावलीच्या चाचणीचं. सर्वेक्षण दुसऱ्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये, कारण उन्हाळ्यात बदल्या होतात आणि नव्या शाळेत आलेल्या शिक्षकाला वर्ग ओळखायला थोडा अवधी लागतो. मुलाखती दिवाळीच्या आसपास, वर्गनिरीक्षण डिसेंबर ते फेब्रुवारी. त्यानंतर परीक्षा जवळ येतात आणि नेहमीचं शिकवणं दिसेनासं होतं. निवडणुकीचं काम मध्ये आलं तर निरीक्षण पुढच्या वर्षी करता यावं, म्हणून तिसऱ्या वर्षात एक सत्र राखून ठेवायचं. विश्लेषण आणि लेखन त्यानंतर.

या आराखड्याची मर्यादाही त्यातच लिहायला हवी. समजूत आणि शिकवणं एकत्र आढळलं, म्हणून समजुतीमुळेच शिकवणं बदललं असं म्हणता येत नाही. कदाचित मदत मिळाल्यामुळे शिक्षिकेला काम जमलं आणि जमल्यामुळे विश्वास आला. म्हणून प्रत्येक मुलाखतीत पटसंख्या, इयत्ता आणि विशेष शिक्षकांच्या भेटी यांची नोंद ठेवायची. अन्यथा व्यवस्थेची उणीव शिक्षकाच्या माथी मारली जाईल.

या अभ्यासाचा उपयोग प्रशिक्षणात आहे. ‘हे माझं काम नाही’ असं मानणाऱ्या आणि ‘काम माझं आहे, पण कसं करू ते कळत नाही’ म्हणणाऱ्या शिक्षकांना आज एकाच सभागृहात तेच भाषण ऐकवलं जातं. दुसऱ्या गटाला हक्कांबद्दल पुन्हा ऐकवण्याची गरज नाही. त्यांना फळ्यावरचा मजकूर निम्मा कसा करायचा, तोंडी परीक्षा कशी घ्यायची, हे त्यांच्याच वर्गात उभं राहून दाखवणारं कोणीतरी हवं. कोणत्या तालुक्यात कोणता गट मोठा आहे हे कळलं, तर विशेष शिक्षकांचे दिवस आणि प्रशिक्षणाचा पैसा कुठे लावायचा, हे ठरवता येईल.