जिम सोडताना तारीख कोणती धरायची?

ठाण्यात नोकरी करणाऱ्या एका बाईंनी २८ डिसेंबर २०२५ रोजी नव्या वर्षाच्या ऑफरमध्ये जिम लावली, असं समजू. वर्षाची फी १२,००० रुपये, त्यावर पाच टक्के जीएसटी ६०० रुपये, एकूण १२,६०० रुपये. पैसे यूपीआयने भरले. काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, “मॅडम, मेंबरशिप पाच जानेवारीपासून चालू करतो, म्हणजे तुमचे सुट्टीचे दिवस वाया जाणार नाहीत.” बाई जानेवारी ते एप्रिल नियमित गेल्या. मग नाशिकला बदली झाली. या जिमची नाशिकमध्ये शाखा नाही. ३० एप्रिलला त्या काउंटरवर जाऊन म्हणाल्या, मेंबरशिप बंद करा आणि उरलेले पैसे द्या. उत्तर ठरलेलं होतं: “पावतीमागे लिहिलंय बघा, फी परत मिळणार नाही.”

अशा वेळी बहुतेक माणसं तिथल्या तिथे वाद घालतात आणि हात हलवत परततात. बोलून काहीच शिल्लक राहत नाही. महिन्याभराने तोच मॅनेजर म्हणू शकतो, तुम्ही तर आज पहिल्यांदा आलात. म्हणून मागणी लेखीच हवी. तिचा सगळा भार तीन तारखांवर असतो: पैसे भरल्याची, मेंबरशिप सुरू झाल्याची आणि ती बंद करण्याची मागणी केल्याची. या तिन्हींची सरमिसळ झाली की हिशेब ग्राहकाच्या विरुद्ध झुकतो. किती झुकतो, ते या उदाहरणात आकड्यांनिशी दिसतं.

बाईंचा हिशेब सरळ आहे. ५ जानेवारी ते ३० एप्रिल, दोन्ही दिवस धरून ११६ दिवस झाले. ३६५ दिवसांचे १२,६०० रुपये, म्हणजे दिवसाला साधारण साडेचौतीस रुपये. ११६ दिवसांचे ४,००४ रुपये जिमचे, उरलेले ८,५९६ रुपये बाईंचे.

जिमचा हिशेब मात्र बहुतेक वेळा असा नसतो. मॅनेजर म्हणतो, वर्षाचा दर सवलतीचा होता. तुम्ही वर्ष पुरं केलं नाही, तेव्हा सवलत गेली. आता वापरलेल्या महिन्यांना महिन्याचा दर लागेल. या जिमचा महिन्याचा दर करासह २,१०० रुपये आहे, असं धरू. सुरू झालेला महिना पूर्ण धरला तर ५ जानेवारीपासून ३० एप्रिलपर्यंत चार महिने होतात (चौथा महिना ४ मेला संपतो). चार महिन्यांचे ८,४०० रुपये वजा जाऊन बाईंच्या हाती ४,२०० येतात. पण जिमने सुरुवात पैसे भरल्याच्या दिवसापासून, म्हणजे २८ डिसेंबरपासून धरली, तर २८ एप्रिलला पाचवा महिना लागलेला असतो. मग १०,५०० रुपये कापून फक्त २,१०० उरतात. तारखेत आठ दिवसांचा फरक आणि रक्कम थेट निम्मी!

सवलत काढून घेण्याचा मुद्दा पूर्णपणे खोटा नाही, हे मान्य करायला हवं. वर्षभराचे पैसे एकरकमी मिळतात म्हणूनच जिम दर उतरवते. पण ही पद्धत फॉर्मवर आधी छापलेली असेल, तरच तिला आधार आहे. ग्राहक निघताना काउंटरवर सुचलेल्या पद्धतीला तो नाही. तेव्हा फॉर्म मागून घ्या आणि वाचा. ‘अकाली रद्द केल्यास मासिक दराने आकारणी’ असं काही त्यात लिहिलेलं नसेल, तर दिवसांच्या प्रमाणातला हिशेबच न्याय्य आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पुराव्याकडे येऊ. यूपीआय ॲपमधलं हिरव्या खुणेचं चित्र आपण पुरावा समजतो. ते हाताशी असावंच, पण त्याहून पक्का पुरावा म्हणजे बँकेच्या खातेउताऱ्यातली ती नोंद. तिच्यात तारीख, रक्कम आणि बारा आकडी यूटीआर क्रमांक असतो. हा क्रमांक पत्रात लिहिला की ‘पैसे आमच्याकडे आलेच नाहीत’ हे म्हणणं टिकत नाही. पैसे कोणाच्या नावावर गेले, तेही पाहा. कित्येकदा काउंटरवरचा क्यूआर कोड जिमच्या नावाचा नसतो, मालकाच्या किंवा ट्रेनरच्या वैयक्तिक खात्याचा असतो. अशा वेळी ते पैसे मेंबरशिपचेच होते, हे पावतीने किंवा त्या दिवशीच्या व्हॉट्सॲप संदेशाने जोडून दाखवावं लागतं.

पण खातेउतारा फक्त पैसे कधी गेले ते सांगतो. मेंबरशिप कधी सुरू झाली, ते त्यात नसतं. ते जिमच्या ॲपवर, ‘वेलकम’ संदेशात, फॉर्मवरच्या ‘पासून–पर्यंत’ या रकान्यात किंवा बोटाचा ठसा घेणाऱ्या हजेरी यंत्राच्या पहिल्या नोंदीत असतं. ॲपमधलं मेंबरशिपचं पान मागणी करण्याआधीच टिपून ठेवा. मेंबरशिप रद्द झाली की ते खातं उघडेनासं होऊ शकतं. मध्ये दुखापतीमुळे किंवा गावी गेल्यामुळे मेंबरशिप ‘फ्रीझ’ केली असेल, तर ते दिवस वापरलेल्या दिवसांतून वगळायचे, त्याचा संदेशही जोडायचा. नुसतं न जाणं मात्र वेगळं. फेब्रुवारीत कंटाळा केला म्हणून ते दिवस वजा करून मागता येत नाहीत, कारण जागा तुमच्यासाठी खुली होती.

हे सगळं हाताशी आलं की पत्र छोटंच होतं. वरच्या उदाहरणात ते असं लिहिता येईल:

‘माननीय व्यवस्थापक यांस,
विषय: मेंबरशिप रद्द करून उर्वरित फी परत मिळण्याबाबत.
माझी मेंबरशिप (क्रमांक …) ५ जानेवारी २०२६ पासून ४ जानेवारी २०२७ पर्यंत आहे. तिची फी रु. १२,६०० मी २८ डिसेंबर २०२५ रोजी यूपीआयने भरली; यूटीआर क्रमांक …, पावती क्रमांक …. नाशिकला बदली झाल्याने ३० एप्रिल २०२६ नंतर मी ही सेवा वापरू शकत नाही. त्या दिवसापासून मेंबरशिप रद्द करावी. ३६५ पैकी ११६ दिवसांची फी रु. ४,००४ वजा जाता रु. ८,५९६ ज्या खात्यातून पैसे भरले त्याच खात्यात पंधरा दिवसांत जमा करावेत. याहून कमी रक्कम देय वाटत असल्यास तिचा हिशेब आणि फॉर्मवरील त्याचा आधार लेखी कळवावा.
सोबत: पावती, खातेउताऱ्यातील नोंद, मेंबरशिपचे पान, बदलीचा आदेश.’

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. ते ‘नाही’ म्हणणाऱ्याला कारण लिहून द्यायला लावतं. पत्र ईमेलने पाठवा, व्हॉट्सॲपवरही टाका. प्रत्यक्ष दिलंत तर आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. मागणीची तारीख यानेच पक्की होते. बाई नुसत्या बोलत राहिल्या असत्या आणि मागणी ५ मेची धरली गेली असती, तर जिमच्या पद्धतीने आणखी एक महिना कापला गेला असता. खातेउतारा जोडताना ती एक ओळ सोडून बाकीच्या नोंदी झाका. तुमचा पगार किती, हे जिमला कळायची गरज नाही.

कायदा कुठवर साथ देतो? जिमची मेंबरशिप मन बदललं म्हणून अमुक दिवसांत रद्द करून पैसे परत मिळवण्याचा सर्वसाधारण हक्क आपल्याकडे कोणत्याही कायद्यात नाही. कोचिंग क्लासची गोष्ट जरा वेगळी. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत, पूर्ण फी भरलेल्या विद्यार्थ्याने क्लास मध्येच सोडला तर उरलेल्या काळाची फी प्रमाणात, दहा दिवसांत परत द्यावी, असं म्हटलं आहे. सूचना कोचिंगपुरत्याच आहेत, जिमला लागू नाहीत. तरी उरलेल्या काळाचे पैसे प्रमाणात परत द्यावेत, हे तत्त्व सरकारने मान्य केलं आहे, एवढं पत्रात नमूद करायला हरकत नाही.

जिमच्या बाबतीत कारण कोणतं, यावर बरंच ठरतं. बदली, आजारपण, गर्भारपण ही ग्राहकाकडची कारणं; तिथे बोलणी करावी लागतात. पण जिमने संध्याकाळची बॅच बंद केली, जागा पाच किलोमीटर दूर नेली, कबूल केलेला ट्रेनर दिलाच नाही किंवा एसी दोन महिने बंद ठेवला, तर ती सेवेतली त्रुटी आहे आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ठामपणे तुमच्या बाजूने उभा राहतो. म्हणून खरं कारण हे असेल, तर ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं सौम्य शब्दांत लिहू नका. संकोचापोटी लिहिलेला तो एक शब्द पुढे तुमच्याविरुद्ध वाचला जातो.

‘फी परत मिळणार नाही’ हे छापील वाक्यही अंतिम नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी समोरच्याला तेवढ्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळू शकते. चार महिने वापरलेल्या सेवेसाठी वर्षाचे पैसे ठेवून घेणं वाजवी कसं, असा प्रश्न या आधारावर विचारता येतो. निकाल दरवेळी ग्राहकाच्याच बाजूने लागेल, याची मात्र खात्री देता येत नाही.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर तक्रार नोंदवा. हेल्पलाइन तक्रार जिमपर्यंत पोचवून समझोत्याचा प्रयत्न करते. पैसे द्या असा हुकूम ती देऊ शकत नाही. तो अधिकार जिल्हा ग्राहक आयोगाचा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे अर्ज करता येतो. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि e-jagriti.gov.in या संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल करता येतं. आपण राहतो त्या जिल्ह्यातही अर्ज चालतो, म्हणजे बाईंना नाशिकहून ठाण्याला खेटे घालावे लागणार नाहीत. एक बारकावा लक्षात ठेवा: कराराची अटच अन्यायकारक ठरवून घ्यायची असेल तर ती तक्रार राज्य आयोगाकडे जाते. जिल्हा आयोगात सेवेतली त्रुटी किंवा अनुचित व्यापारी प्रथा हा मुद्दा मांडावा लागतो.

फी हप्त्यांवर भरली असेल, तर आणखी एक गाठ सोडवावी लागते. अशा वेळी एखाद्या वित्तसंस्थेने तुमच्या नावावर कर्ज देऊन जिमला पैसे आधीच दिलेले असू शकतात. मग जिम सोडली म्हणून हप्ते थांबत नाहीत आणि बँकेत जाऊन ते परस्पर थांबवले तर थकबाकीची नोंद तुमच्या नावावर होते. कर्जाचा करार शोधा, पत्राची प्रत वित्तसंस्थेलाही पाठवा आणि कर्ज बंद झाल्याचं लेखी मिळेपर्यंत हप्ता चुकवू नका.

बहुतेक प्रकरणं आयोगापर्यंत जात नाहीत, मध्येच कुठेतरी मिटतात. जिम मेंबरशिप दुसऱ्याच्या नावावर करून द्यायला तयार होते किंवा पाच-सहा हजार देते. आकडा पटला तर घ्यावा. पण ‘जीएसटी परत मिळत नाही’ असं सांगून कर वेगळा कापत असतील, तर मान्य करू नका. नोंदणीकृत व्यावसायिकाला परत केलेल्या रकमेची क्रेडिट नोट काढता येते आणि आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत तो कर आपल्या हिशेबातून कमी करता येतो. या उदाहरणात ती मुदत ३० नोव्हेंबर २०२६ ला संपते. आणि ‘माझं काही येणं बाकी नाही’ अशा कागदावर सही, पैसे खात्यात जमा झाल्याचं दिसल्यावरच करायची.