नऊ वर्षांची एक ओळ

माझ्या मावसबहिणीने 2016 च्या डिसेंबरात पुण्यातली अकाउंट्सची नोकरी सोडली. आधी बाळ, मग सासऱ्यांचा पक्षाघात. नऊ वर्षांनी लिंक्डइनवर लिहायला बसली, तेव्हा पहिला मसुदा असा होता : 'इतक्या वर्षांनी इथे लिहिताना धाकधूक होतेय, सांभाळून घ्या.'

लिंक्डइन पोस्टच्या सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दाखवतं. पुढचं वाचायला 'more' वर दाबावं लागतं. त्या मोक्याच्या जागी तिने धाकधूक ठेवली होती. काम कोणतं हवंय, याचा पत्ताच नव्हता.

दुसरी अडचण तारखांची. जुनी नोकरी 2019 पर्यंत ताणावी, असं तिला कुणीतरी सुचवलं होतं. पण नेमणुकीआधीच्या पडताळणीत पीएफचा यूएएन मागतात आणि तिथे नोकरी सोडल्याची तारीख दिसू शकते. शिवाय खोटं बोलायची गरजही उरलेली नाही. 2022 पासून प्रोफाइलमध्ये नोकरीसारखीच 'Career break' ही नोंद करता येते आणि कारणही निवडता येतं. तिने घरच्यांची देखभाल हे कारण निवडलं, तारखा खऱ्या घातल्या. हे पोस्टच्या आधी करायचं, कारण पोस्ट आवडली की माणूस नावावर दाबून प्रोफाइलच उघडतो.

खरा पेच वेगळाच होता. जीएसटी लागू झाला 1 जुलै 2017 ला, म्हणजे ती घरी बसल्यावर सहा-सात महिन्यांनी. अकाउंट्सवाल्याला हे खिंडार कुणीही विचारणार. ते झाकण्याऐवजी आम्ही तेच पुढे आणलं. पोस्ट इंग्रजीत गेली. मराठीत सांगायचं तर ती अशी :

'मी अकाउंट्सच्या कामावर परत येतेय. पुण्यात, पूर्णवेळ, जानेवारीपासून. आधीचा अनुभव सात वर्षांचा. 2016 ते 2025 घरच्यांची देखभाल केली. नोकरीत मी जीएसटी हाताळलेला नाही. पण गेली दोन वर्षं एका हार्डवेअर दुकानाचे जीएसटीआर-1 आणि 3बी भरतेय, आणि आमच्या सोसायटीचे हिशेब ऑडिटपर्यंत नेतेय. मोठ्या कंपनीच्या ई-इन्व्हॉइसिंगचा सराव अजून नाही.'

शेवटचं वाक्य काढून टाक, असं तिचा नवरा म्हणाला. मी हट्टाने ठेवायला लावलं. मर्यादा नेमकी सांगितली की आधीचे दावेही पटतात. देखभालीचा तपशील मात्र एका ओळीच्या पुढे जाऊ दिला नाही. सासऱ्यांचं आजारपण ही काही तिची पात्रता नव्हे, आणि ती त्यांची खासगी बाबही आहे.

'Open to work' मध्ये हिरवी चौकट सगळ्यांना दाखवावी की फक्त नोकरभरती करणाऱ्यांना कळावं, हे आपल्या हातात असतं. तिने चौकट लावली. लपवायला सध्याचा साहेब कुठे होता?

तिसऱ्या दिवशी जुन्या साहेबांनी खाली विचारलं, 'टॅली प्राइम येतं का?' तिने लिहिलं, 'सर, तुमच्याकडे ईआरपी 9 वर शिकले. सोसायटीचे हिशेब आता प्राइमवरच आहेत. कधी येऊ?'