आधी अधिकार, मग सुनावणी

एलएल.बी.च्या प्रश्नपत्रिकेत शोभेल असा एक प्रश्न घेऊ. नियम आणि घटना दोन्ही कल्पित आहेत.

एका बाईंचे बावीस वर्षांपासून रास्त भाव दुकान आहे. नियम १२ सांगतो : ‘परवान्याच्या अटींचा भंग झाल्याची खात्री पटल्यास तहसीलदार, परवानाधारकास म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देऊन, परवाना नव्वद दिवसांपर्यंत निलंबित करू शकेल. परवाना रद्द करण्याचा अधिकार जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यास राहील.’ बाईंना शुक्रवारी संध्याकाळी नोटीस मिळते. ‘आपल्याविरुद्ध तक्रारी प्राप्त झाल्या आहेत, सोमवारी सकाळी खुलासा सादर करावा’, एवढाच तिचा मजकूर. तपासणी अहवाल सोबत नाही. मंगळवारी तहसीलदारांचे पत्र येते : ‘मा. पालकमंत्री महोदयांच्या निर्देशानुसार आपला परवाना रद्द करण्यात येत आहे.’ बाई उच्च न्यायालयात जातात. तिथे तहसीलदार प्रतिज्ञापत्रात म्हणतात, की तपासणीत साठ क्विंटलपैकी तीन क्विंटल गहू कमी भरला होता. नियमांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपिलाची सोय आहे. तपासणीच्या दिवशी ई-पॉस यंत्र बंद असल्याने वाटप पावतीपुस्तकावर चालू होते. बाईंना सल्ला द्या.

असे प्रश्न मी बरीच वर्षे शिकवले आणि त्यांची उत्तरे तपासली. दहापैकी आठ उत्तरांची सुरुवात एकच असते : नैसर्गिक न्यायाची तत्त्वे, त्यांचा इतिहास, मेनका गांधी खटला आणि शेवटी ‘म्हणून आदेश रद्द व्हावा’. यात चुकीचे काही नसते. पण प्रश्नातला सर्वांत मोठा दोष त्यात आलेलाच नसतो. नोटीस अपुरी होती हे विद्यार्थ्याला दिसते, आणि तहसीलदाराला परवाना रद्द करताच येत नव्हता हे निसटते.

ते निसटू नये म्हणून मुद्दे शोधायला घटनांपासून नव्हे, नियमापासून निघावे. कच्च्या कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे नियम फोडून लिहा : कोणी करायचे, कशाची खात्री पटल्यावर, कोणत्या रीतीने, आणि काय करता येईल. उजवीकडे प्रत्येक शब्दासमोर प्रत्यक्ष घडलेले लिहा. ‘तहसीलदार’ या शब्दासमोर पालकमंत्री येतात. ‘खात्री पटल्यास’ यासमोर आदेशात काहीच नाही. ‘वाजवी संधी’समोर शनिवार-रविवार आणि दोन ओळींची नोटीस. ‘निलंबित’समोर ‘रद्द’. डावे आणि उजवे जिथे जुळत नाही, तिथे मुद्दा आहे. ही रेघ मारायला पाच मिनिटे लागतात, आणि माझ्या मते अर्धे गुण तिथेच ठरतात.

उजवीकडे अशाही गोष्टी उरतात ज्यांच्यासमोर डावीकडे काही नाही. बावीस वर्षांचे दुकान ही त्यातली एक. ती दिसली की पुष्कळजण रास्त अपेक्षेच्या तत्त्वावर पानभर लिहितात. पण अटी मोडल्या तरी कारवाई होणार नाही, असे आश्वासन बाईंना कोणी दिले नव्हते. या बावीस वर्षांचा उपयोग शिक्षेच्या प्रमाणाचा मुद्दा येईल तेव्हा, एका वाक्यापुरता. प्रत्येक घटनेतून स्वतंत्र मुद्दा निघायलाच हवा असे नाही.

आता क्रम. जो मुद्दा मान्य झाला तर पुढचे विचारायचीच गरज उरत नाही तो आधी, हे तत्त्व मी धरतो. म्हणून आधी अधिकार होता का, मग तो ज्याचा होता त्यानेच वापरला का, मग रीत पाळली का, आणि सर्वांत शेवटी निर्णय वाजवी होता का. प्रत्येक पायरीची सुरुवात एकाच वळणाच्या वाक्याने होते : ‘वरचा मुद्दा न्यायालयाने मान्य केला नाही असे घटकाभर धरले, तरीही...’ या एका वाक्याने उत्तराला कणा मिळतो. उलट क्रमात हे वाक्य लिहिताच येत नाही. ‘शिक्षा जड होती, आणि नसली तरी ती देण्याचा अधिकारच नव्हता’ असे लिहिणारा स्वतःच्या सर्वांत बळकट मुद्द्याला शेपटासारखा ओढत नेतो.

पहिला मुद्दा चार वाक्यांत संपतो, आणि तो तेवढाच असावा. नियम १२ ने तहसीलदाराला निलंबनाचा अधिकार दिला आहे, तोही नव्वद दिवसांपर्यंतच. रद्द करण्याचा अधिकार त्याच नियमाने दुसऱ्या अधिकाऱ्याला दिला आहे. तहसीलदारांनी परवाना रद्द केला. म्हणून आदेश अधिकारबाह्य आहे. इथे निवाड्यांची रास घालण्याचे कारण नाही, नियमाचे शब्द पुरेसे आहेत.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र थांबायला हवे, कारण त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा आपल्या मुंबईतूनच गेलेला आहे. अंधेरीत चित्रपटगृह बांधण्यासाठी गोरधनदास भानजी यांना १९४७ साली पोलीस आयुक्तांनी परवानगी दिली. पुढे काही महिन्यांतच आयुक्तांचे पत्र आले, की सरकारच्या निर्देशावरून कळवण्यात येते, परवानगी रद्द करण्यात आली आहे. नियमांनुसार परवानगी देण्याघेण्याचा अधिकार आयुक्तांचा होता, सरकारचा नव्हता. १९५१ मध्ये न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिलेल्या निकालपत्राने ठरवले, की आयुक्तांनी स्वतः काही ठरवलेच नाही, त्यांनी दुसऱ्याचा आदेश पुढे पाठवला. आपण स्वतःच विचार करून रद्द केले होते, असे नंतर सांगून पत्राचा अर्थ बदलता येणार नाही, हेही त्यात स्पष्ट झाले.

बाईंच्या पत्रातले ‘निर्देशानुसार’ आणि त्या जुन्या पत्रातला निर्देश एकाच जातीचे आहेत. उत्तरात निवाडा वापरायचा तो असा : त्यातल्या घटनेचे आणि आपल्या घटनेचे साम्य दाखवून. नुसते नाव आणि साल लिहून ते होत नाही. फरक असेल तर तोही सांगावा. समजा पत्रात ‘पालकमंत्र्यांकडे आलेल्या तक्रारीवरून चौकशी केली असता असे आढळले की...’ असे असते, तर हा मुद्दा बराच लंगडा पडला असता. मंत्र्याने तक्रार पुढे पाठवणे गैर नाही. निर्णय त्याने देणे गैर आहे.

तीन क्विंटल गव्हाचा खुलासा याच ठिकाणी येतो. आदेशात एकही कारण नाही, ते प्रतिज्ञापत्रात उगवले. आदेशाची वैधता त्यात लिहिलेल्या कारणांवरच तपासायची, नंतर प्रतिज्ञापत्रातून नवी कारणे जोडता येत नाहीत, हे मोहिंदरसिंग गिल खटल्यात १९७७ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मांडले, आणि तेही गोरधनदास प्रकरणाचाच आधार घेऊन. दोन निवाडे असे एकामागून एक बसले की परीक्षकाला विद्यार्थ्याचा विचार दिसतो.

तिसरा मुद्दा सुनावणीचा. तहसीलदारांना अधिकार होता आणि तो त्यांनी स्वतःच वापरला, असे घटकाभर धरले तरीही नियमाने सांगितलेली ‘वाजवी संधी’ मिळालेली नाही. नोटिशीत आरोप नाही, म्हणजे उत्तर कशाला द्यायचे ते कळत नाही. अहवाल नाही, म्हणजे पुरावा ठाऊक नाही. मधले दोन दिवस सुटीचे. यात सर्वांत जड दोष पहिला, वेळेचा दोष सर्वांत हलका. आरोप स्पष्ट असता तर दोन दिवसही कदाचित पुरेसे ठरले असते, हे प्रामाणिकपणे लिहावे.

इथे बरीच चांगली उत्तरेही अडखळतात. नैसर्गिक न्याय मोडला हेच नुकसान, वेगळे नुकसान दाखवायला नको, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली एस. एल. कपूर प्रकरणात म्हटले होते. पण पुढे न्यायालय त्या भूमिकेवर तितके ठाम राहिले नाही. सुधीरकुमार सिंग प्रकरणात २०२० साली, आधीच्या निवाड्यांचा आढावा घेऊन, सर्वसाधारणपणे प्रत्यक्ष बाधा दाखवावी लागते असे सांगितले गेले. मग बाईंनी काय दाखवायचे? संधी मिळाली असती तर त्या काय बोलल्या असत्या, ते. ई-पॉस यंत्र बंद होते. पावत्यांवर दिलेला गहू यंत्रातून वजा झालेला नव्हता, त्यामुळे यंत्रातला साठा आणि गोदामातला साठा यांत फरक पडणारच. पावतीपुस्तक मांडले असते तर तीन क्विंटलांचा हिशेब लागण्याची शक्यता होती. यंत्राचे वाक्य प्रश्नात उगाच आलेले नाही, ते इथल्यासाठी आहे. आणि आश्चर्य म्हणजे सर्वांत कमी उत्तरांत तेच सापडते.

चौथा मुद्दा शिक्षेच्या प्रमाणाचा. बावीस वर्षे आणि साठातले तीन क्विंटल एवढे सांगून तो दोन-तीन वाक्यांत आटपावा. न्यायालय अधिकाऱ्याच्या जागी बसून शिक्षा ठरवत नाही, म्हणून हा मुद्दा पहिल्या तिघांपुढे दुबळा आहे. तो पहिल्यांदा लिहिला तर अधिकारही मान्य आणि भंगही मान्य, फक्त दया मागतो आहोत असा अर्थ निघतो.

अपिलाचे काय? काहीजण तो आक्षेप सुरुवातीलाच घेतात आणि तिथेच अडकतात. मी तो सुरुवातीला एका वाक्यात नोंदवून चारही मुद्द्यांनंतर सोडवायला सांगतो. कारण त्याचे उत्तर त्या मुद्द्यांवरच उभे आहे. व्हर्लपूल प्रकरणात १९९८ साली सांगितलेल्या अपवादांत अधिकाराचा अभाव आणि नैसर्गिक न्यायाचा भंग हे दोन्ही आहेत. ते सिद्ध केल्याशिवाय अपवाद मागता येत नाही. तरीही ऐकायचे की नाही हा न्यायालयाचा विवेक आहे, म्हणून अपिलाची मुदत चुकू देऊ नका, असा सल्ला बाईंना द्यायलाच हवा.

शेवटी मागणे, आणि इथे क्रमाचा खरा हिशेब कळतो. सुनावणीच्या मुद्द्यावर जिंकले तर प्रकरण बहुधा फेरसुनावणीला परत जाते, आणि तेच तहसीलदार रीतसर नोटीस काढून पुन्हा बसतात. निर्देशाच्या मुद्द्यावर जिंकले तरी जवळपास तसेच. गोरधनदास भानजींनाही चित्रपटगृह मिळाले नव्हते, आयुक्तांनी स्वतः विचार करून ठरवावे एवढाच आदेश मिळाला होता. अधिकाराच्या मुद्द्यावर जिंकले तर मात्र तहसीलदारांचा परवाना रद्द करण्याचा मार्ग कायमचा बंद होतो. उरतात जिल्हा पुरवठा अधिकारी, आणि त्यांनाही पहिल्या पायरीपासून सुरू करावे लागते.

म्हणून बाईंचे मागणे असे लिहावे : आदेश अधिकारबाह्य म्हणून रद्द व्हावा. ते मान्य न झाल्यास अहवालाची प्रत देऊन नव्याने सुनावणी व्हावी आणि मंत्र्यांच्या निर्देशाचा विचार न करता निर्णय व्हावा. याचिकेचा निकाल लागेपर्यंत आदेशाला स्थगिती मिळावी. तिसरी ओळ निम्म्याहून अधिक उत्तरपत्रिकांत नसते. ती नसेल तर खटला चालेल तितके दिवस दुकानाला कुलूप राहते.