द्विस्तरीय खेळ

द्विस्तरीय खेळ ही अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांनी १९८८ मध्ये मांडलेली संकल्पना होय. तिच्यानुसार नेता परराष्ट्राशी बोलणी करताना स्वदेशातील मतदार, पक्ष व हितसंबंधी गटांशीही वाटाघाटी करीत असतो. देशात मान्य होऊ शकणाऱ्या करारांच्या संचास ‘विजयसंच’ म्हणता येईल. तो लहान असल्यास ‘घरचे मानणार नाहीत’ असे सांगून अधिक सवलती मिळवता येतात. फारच लहान असल्यास मात्र बोलणी फिसकटतात.

सप्टेंबर २०११ मध्ये भारत-बांगलादेश तीस्ता पाणीवाटप कराराचे असेच झाले. मसुदा तयार होता. परंतु पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी विरोध दर्शवून पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्यासमवेत ढाक्यास जाणे टाळले. राज्याची संमती घटनेनुसार अनिवार्य नव्हती, तथापि त्यांचा पक्ष केंद्रातील आघाडीचा घटक होता. करारावर स्वाक्षऱ्या झाल्या नाहीत.