जिलबीतला पिवळा कोणता?

जिलबी केशराने पिवळी झाली, परवानगी असलेल्या टार्ट्राझिनने की बंदी असलेल्या मेटॅनिल यलोने, हे डोळ्यांना कळत नाही. कागदावर मात्र हे रंग वेगळे होतात.

पाक आणि तूप तसेच कागदावर गेले तर डाग ओघळतो. म्हणून आधी जिलबीच्या अर्कात थोडे ॲसिटिक आम्ल घालून पांढरी लोकर उकळतात. कृत्रिम आम्लधर्मी रंग लोकरीला घट्ट चिकटतात, केशराचा रंग बहुतांशी धुऊन निघतो. धुतलेली लोकर सौम्य अमोनियात गरम केली की रंग पुन्हा सुटतो. तो आटवून घट्ट करतात.

मग गाळणकागदावर पेन्सिलीने रेघ मारून (शाईची रेघ स्वतःच पसरते) या रंगाचा बारीक ठिपका देतात आणि शेजारी ज्ञात रंगांचे ठिपके. कागदाचे टोक मिठाच्या पातळ पाण्यात उभे ठेवतात; ठिपके मात्र पाण्याच्या वरच हवेत. पाण्याशी जवळीक असलेले टार्ट्राझिन भराभर वर चढते, कागदाला धरून राहणारे मेटॅनिल यलो मागे रेंगाळते.

ठिपका ज्ञात रंगाच्या उंचीला पोचला, तरी तेवढ्यावर निकाल देणे धोक्याचे. दोन निराळे रंग एकाच उंचीवर थांबू शकतात, म्हणून दुसऱ्या द्रावकातही चाचणी घेतात. मेटॅनिल यलोच्या डागावर हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला, तर तो गुलाबी-जांभळा होतो.