टर्बो डिझेल इंजिनातील बूस्ट गळती

बूस्ट गळती म्हणजे टर्बोचार्जरने दाबलेली हवा सिलिंडरपर्यंत पोहोचण्यापूर्वीच होज, सांधा किंवा इंटरकूलर यांतून बाहेर निसटणे होय. चढावर किंवा भार असताना शिट्टीसारखा आवाज येणे, गाडीने ओढ न घेणे आणि सायलेन्सरमधून काळा धूर निघणे ही तिची नेहमीची लक्षणे आहेत. शिट्टी ऐकू येताच टर्बोचार्जर खराब झाला असे समजून तो बदलण्याकडे अनेकांचा कल असतो. प्रत्यक्षात हा संपूर्ण मार्गातील सर्वांत महाग भाग असून त्याची तपासणी शेवटी केलेली बरी.

हवेचा मार्ग

एअर फिल्टरमधून आत आलेली हवा प्रथम हवेचे वस्तुमान मोजणाऱ्या सेन्सरजवळून जाते आणि टर्बोचार्जरच्या कॉम्प्रेसरमध्ये शिरते. कॉम्प्रेसरचे चक्र ज्या दांड्यावर बसवलेले असते त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला टर्बाइनचे चक्र असते व ते इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंवर फिरते. दाबली गेल्याने हवा तापते. ३० अंश सेल्सिअसची हवा वातावरणाच्या दुप्पट दाबापर्यंत नेल्यास ती सुमारे १२० ते १३० अंशांपर्यंत जाते. तापलेली हवा विरळ असल्यामुळे ती इंटरकूलरमधून फिरवून साधारण ५० अंशांवर आणली जाते आणि त्यानंतर इनटेक मॅनिफोल्डमध्ये सोडली जाते. या थंड होण्यामुळे तेवढ्याच दाबाच्या व तेवढ्याच घनफळाच्या हवेत जवळजवळ २३ टक्के अधिक वस्तुमान मावते.

टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या होजला गॅरेजमध्ये ‘गरम बाजू’ आणि इंटरकूलरपासून मॅनिफोल्डपर्यंतच्या होजला ‘थंड बाजू’ म्हणतात. गळती दोन्हीकडे होऊ शकते, परंतु गरम बाजूच्या रबरावर उष्णता, कंपन आणि तेल अशा तिन्हींचा मारा असतो. क्रँककेसच्या ब्रीदर पाइपमधून तेलाचे तुषार हवेच्या मार्गात येत असतात. त्यांमुळे जुने रबर मऊ पडते, फुगते आणि क्लॅम्पखाली सरकू लागते.

छिद्रातून किती हवा जाते

१२४८ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांनी फिरत आहे आणि मॅनिफोल्डमध्ये वातावरणापेक्षा १ बार अधिक दाब आहे असे मानू. चार फटक्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच हवा घेतो. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत हेही धरले, तर ५० अंशांच्या हवेत या इंजिनाला मिनिटाला साधारण ३ किलो हवा लागते.

आता थंड बाजूच्या होजला ५ मिलिमीटर व्यासाचे छिद्र पडले, तर त्यातून मिनिटाला सुमारे ०.३७ किलो, म्हणजे इंजिनाच्या गरजेच्या बारा टक्क्यांच्या आसपास हवा बाहेर जाते. एवढी तूट टर्बो अधिक वेगाने फिरून बहुधा भरून काढतो, त्यामुळे चालकाला फक्त आवाज जाणवतो. छिद्राचा व्यास १० मिलिमीटर झाला की क्षेत्रफळ चौपट होते आणि तोच दाब टिकवायचा असेल तर मिनिटाला दीड किलो हवा वाया जाऊ द्यावी लागेल. लहान टर्बोला ते जमत नाही व दाब कोसळतो. म्हणूनच हा बिघाड कित्येक आठवडे केवळ शिट्टीच्या रूपात असतो आणि मग एखाद्या दिवशी गाडी अचानक चढ घेईनाशी होते.

शिट्टीचे कारणही याच दाबात आहे. आतला दाब बाहेरच्या दाबाच्या सुमारे १.९ पटींहून अधिक झाला की छिद्रातून निघणारी हवा ध्वनीच्या वेगाला पोहोचते. छिद्राचा आकार व कडा यांप्रमाणे त्यातून फुसफुस, शिट्टी किंवा किंचाळी ऐकू येते. गाडी उभी ठेवून न्यूट्रलमध्ये अॅक्सिलरेटर दाबला, तर इंजिनावर भार नसल्याने दाब फारसा वाढत नाही आणि आवाजही येत नाही. घाटात शिट्टी वाजते आणि गॅरेजमध्ये काहीच ऐकू येत नाही, या तक्रारीत म्हणूनच नवल नाही.

काळा धूर आणि शक्तिमर्यादा

हवा मोजणारा सेन्सर गळतीच्या आधी असतो. त्यामुळे इंजिनाच्या नियंत्रकाला मोजलेली सर्व हवा सिलिंडरमध्ये गेली असे वाटते व तो त्या प्रमाणात डिझेल सोडतो. हवा कमी आणि इंधन अधिक झाल्याने काजळी बनते. पार्टिक्युलेट फिल्टर असलेल्या गाड्यांत ही काजळी फिल्टरमध्ये अडकते. तेथे धूर दिसत नाही, पण फिल्टर लवकर भरतो.

मॅनिफोल्डवरील दाबाचा सेन्सर मात्र खरी स्थिती दाखवतो. अपेक्षित आणि प्रत्यक्ष दाबातील तफावत काही काळ टिकली की नियंत्रक P0299 हा कोड नोंदवतो आणि इंजिनाची शक्ती मर्यादित करतो. गाडी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ती काही काळ नीट चालते आणि पुढच्या चढावर परत अडते. ही खूण चालकाने सांगितली, तर तपासणाऱ्याचा बराच वेळ वाचतो.

चोंदलेला मार्ग

चोंदण्याचे दोन प्रकार असून त्यांची लक्षणे वेगळी आहेत. इंटरकूलरच्या बाहेरील पात्यांत चिखल, किडे किंवा गवताचे कूस भरल्यास दाब पूर्ववत राहतो, पण हवा थंड होत नाही. ५० अंशांऐवजी ८० अंशांची हवा गेल्यास वस्तुमान आठ ते नऊ टक्क्यांनी घटते. अशा वेळी शिट्टी वाजत नाही आणि कोडही येईलच असे नाही; गाडी दुपारी सुस्त वाटते, इतकेच.

आतील बाजू तेलाच्या थराने किंवा सुटलेल्या अस्तराने अरुंद झाली, तर टर्बोजवळ दाब पुरेसा आणि मॅनिफोल्डमध्ये कमी आढळतो. दोन्ही ठिकाणी दाबमापक लावून हा फरक मोजता येतो. होजचे अस्तर आतून सुटले असल्यास बाहेरून होज धडधाकट दिसतो, म्हणून तो काढून आत बोट फिरवून पाहावे लागते. एक्झॉस्टमधील काही वायू परत इंजिनात फिरवणाऱ्या ईजीआर यंत्रणेची काजळी आणि ब्रीदरचे तेल मिळून मॅनिफोल्डच्या तोंडाशी डांबरासारखा लगदा जमतो. त्याचाही परिणाम असाच होतो.

झिजलेला टर्बो कसा ओळखावा

गळतीचा आवाज दाबाशी बांधलेला असतो, तर झिजलेल्या टर्बोचा आवाज दांड्याच्या वेगाशी. अॅक्सिलरेटर सोडताच आवाज तुटला तर गळतीचा संशय बळावतो. सायरनप्रमाणे स्वर चढत जाऊन पाय काढल्यावरही हळूहळू उतरत असेल, तर चक्राचा तोल किंवा बेअरिंग तपासावे. लहान टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेऱ्या घेऊ शकतो व तो तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. त्यामुळे इंजिन थंड असताना दांडा आडवा हलवल्यास किंचित हालचाल जाणवणे स्वाभाविक आहे. नवख्या फिटरची फसगत येथेच होते. दांडा पुढेमागे जाणवण्याइतका सरकत असेल किंवा चक्राची पाती आवरणाला घासल्याच्या खुणा दिसत असतील, तर मात्र टर्बो संपला असे समजावे. होजमध्ये तेलाचा हलका ओलावा असतोच. तेल साचलेले असणे व निळा धूर निघणे ही बेअरिंग आणि सील झिजल्याची लक्षणे आहेत.

गळती न होता आणि दांडा चांगला असतानाही दाब कमी पडू शकतो. टर्बाइनभोवतीची फिरती पाती काजळीने अडकणे, किंवा ती हलवणाऱ्या व्हॅक्यूमच्या बारीक नळीला चीर पडणे, ही त्याची कारणे होत. ही नळी दहा सेकंदांत पाहून होते, तरी ती तपासायची बहुधा राहून जाते.

टर्बोची झीज हा कित्येकदा जुन्या गळतीचाच परिणाम असतो. तूट भरून काढण्यासाठी नियंत्रक टर्बोला सतत ठरावीक वेगापलीकडे पळवतो. होज न बदलता नवा टर्बो बसवला, तर त्याचीही तीच गत होते.

या बिघाडातील सर्वांत धोकादायक अवस्था म्हणजे सील फुटून इंजिनाचे तेल हवेच्या मार्गात ओघळणे. डिझेल इंजिन ते तेल इंधनाप्रमाणे जाळते, वेग अनावर होतो आणि चावी बंद करूनही इंजिन थांबत नाही. गिअर हाताने बदलण्याच्या गाडीत ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडल्यास ते बंद पडू शकते. हवेचे तोंड फळीने झाकणे हाही उपाय आहे, पण तेथे हात किंवा कापड कधीही नेऊ नये. असा टर्बो बदलताना इंटरकूलर काढून त्यातील तेल व धातूचे कण पूर्णपणे धुऊन टाकावे लागतात.

तपासणीचे एक उदाहरण

वर मानलेल्या इंजिनाची गाडी कसारा घाटात तिसऱ्या गिअरमध्ये शिट्टी वाजवते व काळा धूर सोडून मंदावते, असे समजू. उभ्या गाडीत काहीच आढळत नाही. चालत्या गाडीत स्कॅनर लावल्यावर अपेक्षित दाब २००० मिलिबार आणि प्रत्यक्ष दाब १५५० मिलिबार दिसतो. हे आकडे वातावरणाचा दाब धरून असतात. पुण्यात इंजिन बंद असतानाही स्कॅनर सुमारे ९५० दाखवतो, त्याला बूस्ट समजू नये.

यानंतर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी झडप असलेले बूच घट्ट आवळून रेग्युलेटरमधून हवा भरली जाते. त्यापूर्वी ब्रीदर पाइप वेगळा करून दोन्ही तोंडे बंद करावी लागतात. अन्यथा दाब क्रँककेसमध्ये शिरून तेलाची सील उखडतात. ०.३ बारला साबणाच्या पाण्यात बुडबुडे येत नाहीत. दाब ०.८ बार करताच गरम बाजूच्या होजच्या खालच्या अंगाला, जेथे तो ब्रॅकेटला घासत होता तेथे, चीर उघडून फेस उसळतो. कमी दाबाने धूर सोडून केलेल्या चाचणीत हीच चीर मिटलेली राहिली असती. इंजिनाच्या कमाल बूस्टपेक्षा अधिक दाब भरू नये आणि बुचासमोर उभे राहू नये. सिलिंडरांच्या उघड्या व्हॉल्व्हमधून थोडी हवा जात असल्यास इंजिन हाताने किंचित फिरवून पुन्हा पाहावे.

नवा होज बसवताना नळीच्या तोंडावरील तेल पूर्णपणे पुसावे लागते, नाहीतर घट्ट आवळलेल्या क्लॅम्पमधूनही होज पहिल्याच चढावर निसटतो. घासणारा ब्रॅकेट वाकवून किंवा मध्ये रबर देऊन होज मोकळा करावा लागतो. त्यानंतर कोड पुसून त्याच घाटात, त्याच गिअरमध्ये आणि तेवढ्याच फेऱ्यांना पुन्हा आकडे घेतले जातात. दोन्ही दाब एकमेकांच्या जवळ आले आणि शिट्टी थांबली, तर टर्बोला हात लावण्याचे कारण उरत नाही.