तीन नंबरचा बिल्ला

कुठलाही प्रोग्रॅम स्वतःच्या हाताने फाइल उघडत नाही. मोबाइलवरचं फोटो दाखवणारं अॅप असो की ऑफिसातलं हिशेबाचं सॉफ्टवेअर, डिस्कपर्यंत किंवा नेटवर्क कार्डापर्यंत थेट पोहोचायची मुभाच त्यांना नसते. ही बंदी प्रोसेसरमध्येच बसवलेली आहे. इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर साधे प्रोग्रॅम 'रिंग 3' या अवस्थेत चालवतो, आणि यंत्रसामग्रीला हात घालणाऱ्या आज्ञा तिथे चालत नाहीत. त्या चालतात 'रिंग 0'मध्ये, आणि तिथे वावर असतो फक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा. प्रोग्रॅमने आगाऊपणा करून तसली आज्ञा दिलीच, तर प्रोसेसर त्याला तिथेच थांबवून कर्नलच्या हवाली करतो. त्यानंतर बहुधा तो प्रोग्रॅम बंदच पडतो.

मग फाइल वाचायची कशी? कर्नलला सांगून. या सांगण्याला सिस्टिम कॉल म्हणतात. प्रत्यक्षात हे कसं घडतं ते लिनक्सवर उघड्या डोळ्यांनी बघता येतं, कारण तिथे `strace` नावाचं अवजार मिळतं. प्रोग्रॅम कर्नलकडे काय काय मागतो आणि कर्नल काय उत्तर देतो, ते सगळं strace ओळीओळीने लिहून दाखवतो. समजा, `yadi.txt` या फाइलमध्ये 'दूध, साखर' एवढंच लिहिलंय आणि ती आपण `cat` या छोट्या प्रोग्रॅमने वाचतो आहोत. सुरुवातीच्या तयारीच्या ओळी सोडल्या, तर मुख्य काम असं दिसतं:

```
openat(AT_FDCWD, "yadi.txt", O_RDONLY) = 3
read(3, "\340\244\246"..., 131072)     = 24
write(1, "\340\244\246"..., 24)        = 24
read(3, "", 131072)                    = 0
close(3)                               = 0
```

पहिली ओळ म्हणते: मी आत्ता ज्या फोल्डरमध्ये आहे तिथली `yadi.txt` फक्त वाचण्यासाठी उघडून दे. हे सांगायची पद्धतही ठरलेली आहे. नेहमीच्या 64 बिटच्या पीसीवर `openat` या कामाचा क्रमांक 257 आहे. प्रोग्रॅम हा आकडा प्रोसेसरच्या एका ठरावीक कप्प्यात ठेवतो, फाइलचं नाव मेमरीत कुठे आहे ते दुसऱ्या कप्प्यात ठेवतो आणि `syscall` ही आज्ञा देतो. त्याक्षणी प्रोसेसर रिंग 0 मध्ये जातो, पण प्रोग्रॅमच्या मर्जीच्या जागी नाही. कर्नलने संगणक सुरू होतानाच जी जागा नेमून दिलेली असते, तिथेच. प्रोग्रॅम तोवर थांबून राहतो.

आता कर्नल चौकशी सुरू करतो. फाइल आहे का? नसेल तर उत्तर `ENOENT`. असेल, तर हा प्रोग्रॅम ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतोय त्याला ती वाचायचा हक्क आहे का? नसेल तर `EACCES`. इथे एक खोच आहे. हक्क नुसता फाइलचा बघत नाहीत, तिच्यापर्यंत नेणाऱ्या वाटेवरच्या प्रत्येक फोल्डरचा बघतात. फाइल सगळ्यांना खुली असूनही 'परमिशन डिनाइड' येतं आणि माणूस डोकं खाजवत बसतो, तेव्हा पुष्कळदा वरचंच एखादं फोल्डर बंद असतं. `namei -l` या कमांडपुढे फाइलचा पूर्ण पत्ता दिला की वाटेवरच्या प्रत्येक पायरीचे हक्क समोर येतात.

सगळं ठीक असेल तर कर्नल देतो तो फक्त एक आकडा: 3. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर बिल्ला मिळतो, तसा. 0, 1 आणि 2 हे बिल्ले प्रोग्रॅम सुरू होतानाच वाटलेले असतात. 0 म्हणजे कीबोर्डकडून येणारी माहिती, 1 म्हणजे स्क्रीनवर जाणारी, आणि 2 म्हणजे चुकांचे संदेश. म्हणून पहिल्या फाइलला 3 मिळतो. पुढे `read`ला फाइलचं नाव लागतच नाही, 'तीन नंबरमधलं दे' एवढं पुरतं. `cat`ने एका दमात 131072 बाइट मागितले, कारण कर्नलकडे वारंवार खेपा घालण्यात वेळ जातो. मिळाले 24: देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट या हिशेबाने 21, आणि स्वल्पविराम, मोकळी जागा व ओळ संपल्याची खूण यांचे तीन. दुसऱ्यांदा मागितल्यावर शून्य मिळालं, म्हणजे फाइल संपली. `close`ने बिल्ला परत केला.

नेटवर्कचं काय? 1983 साली बर्कलीच्या युनिक्समध्ये नेटवर्कसाठी 'सॉकेट' आलं, ते याच बिल्ल्यांच्या व्यवस्थेत बसवून. `socket` कॉल केला की कर्नल पुन्हा एक आकडाच देतो. मग `connect`ने पलीकडच्या संगणकाचा पत्ता आणि पोर्ट सांगायचा, आणि जोडणी झाली की त्याच `read` आणि `write`ने बोलायचं. फरक एक आहे. फाइलचं नाव कर्नलला समजतं, वेबसाइटचं नाव समजत नाही. त्याला आयपी पत्ताच लागतो. नावावरून पत्ता शोधायचं काम प्रोग्रॅमने आधी उरकायचं असतं, आणि त्यासाठीही त्याला आणखी सिस्टिम कॉल करावे लागतात.

`connect` फसलं तर उत्तरावरून बरंच कळतं. `ECONNREFUSED` लगेच आलं, तर सहसा पलीकडचा संगणक जागेवर आहे, पण त्या पोर्टवर ऐकणारा प्रोग्रॅमच चालू नाही. बराच वेळ काहीच होत नाही आणि शेवटी `ETIMEDOUT` येतं, तेव्हा पलीकडून चकार शब्द आलेला नसतो. एकतर संगणक बंद, नाहीतर मधली फायरवॉल गप्प बसून सगळं गिळते आहे. लिनक्स नेहमीच्या सेटिंगमध्ये दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ प्रयत्न करत राहतो. 'नेट चालत नाही' या एकाच तक्रारीमागे हे दोन अगदी वेगळे रोग असतात.

फाइलच्या बिल्ल्याकडे परत येऊ, कारण त्याचा सगळ्यात चमत्कारिक परिणाम अजून सांगायचाय. हक्कांची तपासणी होते ती साधारणपणे फाइल उघडतानाच. नंतर तुम्ही तिचे हक्क काढून घेतले, तरी ज्याच्याकडे बिल्ला आहे तो वाचतच राहतो. इतकंच काय, फाइल `rm`ने पुसून टाकली तरी वाचतो. कारण `rm` पुसतं ते नाव. मजकुराची जागा मोकळी होते ती शेवटचं नाव गेलं आणि शेवटचा बिल्लाही परत आला, की मगच.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हा प्रसंग चांगला ओळखीचा आहे. एखाद्या प्रोग्रॅमची नोंदवही, म्हणजे लॉग फाइल, फुगून 40 जीबीची होते आणि डिस्क भरते. घाईघाईने `rm` मारलं जातं. फाइल यादीतून गेली, पण `df` अजून डिस्क भरलेलीच दाखवतं. फोल्डरांची बेरीज करणारं `du` मात्र जागा मोकळी झाल्याचं सांगतं. दोघंही खरंच बोलतात. `du` नावं धरून मोजतं, `df` प्रत्यक्ष अडकलेली जागा बघतं. तो प्रोग्रॅम अजून चालू आहे, बिल्ला त्याच्या खिशात आहे, आणि नाव नसलेल्या त्या फाइलमध्ये तो लिहीतच सुटला आहे.

`lsof +L1` ही कमांड अशा बेवारस पण उघड्या फाइल कोणी धरून ठेवल्यात ते नावानिशी दाखवते. सापडलेला प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला की जागा सुटते, कारण प्रोग्रॅम संपला की कर्नल त्याचे सगळे बिल्ले जमा करून घेतो. पण चालू प्रोग्रॅमची लॉग फाइल डिस्क अडवून बसली असेल, आणि तिच्यातल्या मजकुराची गरज नसेल, तर मुळात `rm` मारूच नका. `truncate -s 0` करा. नाव राहतं, बिल्ला राहतो, आणि जागा तेवढी परत मिळते.